लिंकनचं कुळ आणि पायडी नावाची कालवड

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम टोकाला, स्मोकी डोंगराच्या पायथ्याशी, ओकोनालफ्टी नावाची नदी वाहते. या खोऱ्यातल्या जुन्या घरांमध्ये एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. एब्राहम एन्लो नावाचा एक सुखवस्तू शेतकरी तिथे राहत होता. त्याच्या घरी नॅन्सी हँक्स नावाची मोलकरीण होती. तिला मालकापासून दिवस गेले. घरात कलह नको म्हणून तिला गुपचूप केंटकीला धाडण्यात आलं आणि थॉमस लिंकन नावाच्या एका फिरत्या माणसाला पैसे देऊन तिच्याशी लग्न करायला लावलं. तिला झालेल्या मुलाला मालकाचंच नाव मिळालं, एब्राहम. हाच पुढे अमेरिकेचा सोळावा अध्यक्ष झाला, असं ही गोष्ट सांगते.

1899 मध्ये जेम्स कॅथी या स्थानिक गृहस्थाने यावर पुस्तक काढलं. त्याने खोऱ्यातल्या वृद्धांच्या जबान्या गोळा केल्या. एन्लोचा मुलगा वेस्ली तेव्हा म्हातारा झाला होता. त्याचं लांबट तोंड, उंची आणि हाडापेराचा बांधा लिंकनशी कसा जुळतो, याचंही रसभरित वर्णन झालं. सांगणारी माणसं खोटारडी नव्हती. आपण आईवडिलांकडून ऐकलं तेच ती सांगत होती. म्हणून ‘हे सगळं थोतांड’ म्हणून बाजूला सारण्याआधी ते तपासायला हवं. तपासायचं म्हटल्यावर लक्षात येतं की लिंकनच्या घराण्याभोवती एक नाही, दोन कुजबुजी आहेत. एक त्यांच्या वडिलांबद्दल आणि दुसरी त्यांच्या आईच्या जन्माबद्दल. दोन्ही एकाच सुरात सांगितल्या जातात, लोक त्यांची सरमिसळही करतात. पण कागदांसमोर उभ्या केल्या की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

पहिली कुजबुज फोफावली ती एका न सापडलेल्या नोंदीमुळे. लिंकनचं बालपण केंटकी राज्याच्या हार्डिन काउंटीत गेलं. (काउंटी म्हणजे आपल्या जिल्हा-तालुक्याच्या मधलं काहीतरी, तिचं स्वतःचं कोर्ट आणि स्वतःचं दप्तर असतं.) 1865 मध्ये लिंकनची हत्या झाली आणि त्यांचे वकिलीतले भागीदार विल्यम हर्नडन चरित्राच्या साधनांमागे लागले. हार्डिन काउंटीच्या दप्तरात, एलिझाबेथटाउनला, थॉमस लिंकनच्या लग्नाची नोंद होती. पण ती 1819 सालची, सेरा बुश जॉन्स्टन या विधवेशी झालेल्या दुसऱ्या लग्नाची. नॅन्सीशी झालेल्या पहिल्या लग्नाचा मागमूस नव्हता. वॉर्ड लॅमन हे लिंकनचे जुने स्नेही. 1872 मध्ये त्यांच्या नावाने निघालेल्या चरित्रात या न सापडलेल्या नोंदीची वाच्यता झाली, आणि ‘लग्न झालंच नव्हतं’ असं म्हणायला लोक मोकळे झाले.

या दप्तराने आणखी एकाला चकवलं होतं. सॅम्युएल हेक्राफ्ट हे एलिझाबेथटाउनच्या कोर्टाचे जुने कारकून. 1860 मध्ये लिंकनना उमेदवारी मिळाली तेव्हा त्यांनी लिंकनना पत्र लिहून कुळाची चौकशी केली. त्यांच्या समजुतीने सेरा बुश हीच लिंकनची आई होती. लिंकननी उत्तरात दुरुस्ती केली: ती वडिलांची दुसरी बायको, आईचं माहेरचं नाव नॅन्सी हँक्स, आणि एलिझाबेथटाउनला जन्मली ती आपली दोन वर्षांनी मोठी बहीण, आपण नव्हे. स्वतः दप्तर सांभाळणारा माणूस चुकला, कारण हाताशी असलेला कागद हाच सगळा इतिहास असं त्याने धरलं. आणि लिंकननी जाता जाता सांगून टाकलेलं बहिणीचं वय पुढे या प्रकरणात मोलाचं ठरलं.

न सापडलेल्या कागदाबद्दल पहिला प्रश्न असा विचारायचा असतो, की तो मुळात असायला कुठे हवा होता? त्या काळच्या केंटकीत लग्नाचा कागद बहुधा वधूच्या काउंटीत होत असे. नॅन्सी लग्नाआधी राहत होती ती वॉशिंग्टन काउंटीत, रिचर्ड बेरी यांच्या घरी. तिथलं मुख्य गाव स्प्रिंगफील्ड (लिंकनचं इलिनॉयमधलं स्प्रिंगफील्ड निराळं). 1878 मध्ये तिथल्या कोर्टाच्या जुन्या गठ्ठ्यांत तो कागद निघाला. तो होता 10 जून 1806 चा जामीनकतबा. लग्नाआधी नवरदेव आणि एक जामीन मिळून असा कतबा लिहून देत: या विवाहाला कायद्याची आडकाठी नाही, आणि ती निघाली तर आम्ही 50 पौंड भरू. खाली थॉमस लिंकनची सही आहे आणि रिचर्ड बेरींची, वधूचे पालक म्हणून. दोन दिवसांनी, 12 जूनला, जेसी हेड या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने लग्न लावलं. आपण लावलेल्या लग्नांची यादी त्याने पुढच्या वर्षी कोर्टात दिली, तीत थॉमस आणि नॅन्सी हे जोडपं इतर जोडप्यांच्या ओळीत आहे.

मला या यादीचं वजन कतब्याहून जास्त वाटतं. एकच सुटा कागद कोणीतरी मागाहून बनवून ठेवला असेल, असा संशय घेता येतो. पण अनेक सामान्य जोडप्यांच्या मध्ये बसलेली एक ओळ, आणि तीही थॉमसचं पोर अध्यक्ष होईल हे कोणाच्या स्वप्नातही नसताना लिहिलेली, ती कोणासाठी खोटी लिहायची?

आता तारखा मांडू. लग्न 12 जून 1806. थोरली मुलगी सेरा 10 फेब्रुवारी 1807 ला झाली. एब्राहमचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 चा. लग्नापासून एब्राहमच्या जन्मापर्यंत बरोबर दोन वर्षं आणि आठ महिने होतात. म्हणजे गर्भधारणा साधारण मे 1808 मधली, आणि त्या वेळी नॅन्सी हार्डिन काउंटीत नवऱ्याबरोबर, वर्षा-सव्वा वर्षाची मुलगी कडेवर घेऊन संसार करत होती. कॅरोलायनाचं खोरं तिथून डोंगररांगांपलीकडे दूर. गोष्ट टिकवायची तर मग एब्राहमचा जन्म मागे न्यावा लागतो, लग्नाच्या आधी. कॅरोलायनाच्या बाजूने तेच झालं. 1809 हे साल चुकीचं, तो कितीतरी आधी जन्मला होता, असं सांगितलं जाऊ लागलं.

पण साल मागे नेलं की एब्राहम सेराहून मोठा होतो. ती दोन वर्षांनी मोठी असल्याचं लिंकननी स्वतः लिहून ठेवलं आहे, त्यांनी स्वतःच्या हाताने भरलेल्या कौटुंबिक बायबलच्या पानावर तारखा आहेत, आणि डेनिस हँक्स हा नात्यातला माणूस तर आपण लहानपणी नवजात एब्राहमला पाहायला धावत गेल्याची आठवण सांगत असे. ही आठवणसुद्धा ऐकीव परंपराच आहे, हे खरं. मात्र ती मुलाच्या जन्मगावी, घरात वावरलेल्या माणसाची आहे. कॅथीच्या साक्षीदारांपैकी कोणी केंटकीत मूल जन्मलेलं पाहिलं नव्हतं. खुद्द वेस्ली एन्लो 1811 मध्ये, म्हणजे लिंकनच्याही नंतर जन्मला. चेहऱ्याच्या साम्याचं म्हणाल, तर थॉमसचा भाऊ मॉर्डेकाय याची मुलं इलिनॉयच्या हँकॉक काउंटीत राहत होती, आणि त्यांच्यात शेजाऱ्यांना अध्यक्षांची हुबेहूब ठेवण दिसे. साम्य शोधणाऱ्याला ते नेहमी मिळतं, म्हणून त्यावर निकाल लावू नये.

एक उपकथा अशीही होती की थॉमसला मूल होणंच शक्य नव्हतं. पुरावा काय, तर दुसऱ्या बायकोपासून मूल नाही. तो लग्नाला उभा राहिला तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता, सेरा बुश तिशी ओलांडलेली, पहिल्या नवऱ्यापासूनची तीन मुलं पदरी. यावरून एवढंच कळतं की त्या दोघांना मूल झालं नाही. शिवाय हा आक्षेप खरा मानला तर थोरल्या सेरालाही दुसरा बाप शोधावा लागेल, आणि लहानपणीच वारलेल्या धाकट्या थॉमसलाही. तिन्ही मुलांचा परका बाप मात्र कोणीच सांगत नाही. अफवेला अध्यक्षाशिवाय इतरांत रस नसतो.

विल्यम बार्टन या धर्मोपदेशक-संशोधकाने 1920 मध्ये लिंकनच्या पितृत्वावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं आणि एकेक दावा घेऊन खोदला. त्यात त्यांना एकाच नव्हे, अनेक ‘बापां’ची नावं मिळाली. एन्लो हे आडनाव निरनिराळ्या वर्तनीत केंटकीतही होतं, आणि तिथल्याही एन्लोंवर हाच आळ होता. दक्षिणेतले बडे राजकारणी जॉन कॅल्हून यांचं नाव होतं. स्वातंत्र्ययुद्धातले वक्ते पॅट्रिक हेन्री यांचंसुद्धा होतं. हेन्री तर 1799 मध्येच वारले होते. एकाच मुलाला इतके बाप मिळतात तेव्हा त्यातला जास्तीत जास्त एक खरा असणार, म्हणजे बाकीच्या सगळ्या ‘खात्रीच्या’ परंपरा आपोआप खोट्या. आणि त्यांतली कोणतीच दुसरीहून अधिक भक्कम नाही. अशिक्षित सुताराच्या पोटी असा माणूस कसा निपजेल, हा प्रश्न मनात धरून लोक मोठा बाप शोधत होते. थॉमस हा कंगाल भटक्या होता, हे चित्रही कागदांत टिकत नाही: 1803 मध्येच त्याने मिल क्रीकवर 238 एकर जमीन विकत घेतली होती, आणि एब्राहमच्या जन्माआधी आणखी एका तीनशे एकरांच्या शेतासाठी 200 डॉलर मोजले होते.

मग मोलकरीण नॅन्सीची गोष्ट आली कुठून? सगळीच हवेतून आली असेल असं मला वाटत नाही. हँक्स घराण्यात नॅन्सी नावाच्या बायका पुष्कळ होत्या. लिंकनच्या आईच्या आधीच्या पिढीत एक नॅन्सी हँक्स होती, नात्याने तिची मावशी. या मावशीला 1799 मध्ये लग्नाआधी मुलगा झाला. तोच वर सांगितलेला डेनिस. त्याच्या वडिलांचं नाव चार्ल्स फ्रेंड. म्हणजे केंटकीच्या त्याच मुलखात ‘नॅन्सी हँक्सला लग्नाआधी मूल झालं’ हे वाक्य अक्षरशः खरं होतं. फक्त ती नॅन्सी वेगळी आणि मूलही वेगळं. पुढे भाची अध्यक्षाची आई म्हणून गाजली, आणि मावशीची गोष्ट तिच्या नावावर चिकटायला काही अडचण नव्हती. नावं सारखी असली की तपासणाऱ्याने आधी माणसं मोजावीत.

हाच सल्ला कागदवाल्यांनाही लागू पडतो, आणि इथून दुसरी कुजबुज सुरू होते.

हर्नडनने सांगितलेली हकीकत अशी. 1850 च्या सुमारास तो आणि लिंकन एका घोडागाडीतून कोर्टाच्या कामाला निघाले होते. खटल्यात आनुवंशिक गुणांचा विषय यायचा होता. वाटेत लिंकन बोलून गेले की आपली आई ही लूसी हँक्सची अनौरस मुलगी, तिचा बाप व्हर्जिनियातला एक कुलीन जमीनदार. आपल्यात काही चांगलं असेल तर ते तिकडून आलं. हर्नडनने हे लिहून ठेवलं ते वीस वर्षांनी, आणि छापलं 1889 मध्ये. ऐकणारा एकटा, सांगणारा हयात नाही.

ही गोष्ट अनेकांना झोंबली. कॅरोलाइन हँक्स हिचकॉक यांनी 1899 मध्ये, म्हणजे कॅथीचं पुस्तक निघालं त्याच साली, नॅन्सीचं चरित्र लिहून हँक्स घराण्यावरचा डाग पुसायचं ठरवलं. त्यांच्या हाती अस्सल दस्त लागला होता. केंटकीच्या नेल्सन काउंटीत जोसेफ हँक्स या शेतकऱ्याने जानेवारी 1793 मध्ये केलेलं मृत्युपत्र. पाच मुलगे, तीन मुली. मुलग्यांना एकेक घोडा, मुलींना एकेक कालवड, प्रत्येक जनावराचं नाव घालून. त्यात मुलगी नॅन्सी हिला पायडी नावाची कालवड. झालं! नॅन्सी ही जोसेफची औरस मुलगी, बापाच्या मृत्युपत्रात तिचा वाटा आहे, मग कसला कलंक?

मृत्युपत्र खरं, सही खरी, कालवडही खरी. चुकली ती ओळख. पायडी मिळालेली नॅन्सी म्हणजे मावशी, डेनिसची आई. लिंकनची आई ही जोसेफची मुलगी नव्हे, नात होती. कॅरोलायनाच्या म्हाताऱ्यांनी ऐकीव गोष्टीत जी गल्लत केली, तीच हिचकॉकबाईंनी शिक्कामोर्तब असलेल्या कागदाच्या आधाराने केली. फरक एवढाच, की एका चुकीने नॅन्सीला बदनाम केलं आणि दुसरीने तिला सोज्वळ केलं. सोयीचा कागद सापडला की पुढे शोध थांबतो. गैरसोयीचा सापडला असता तर याच माणसांनी तो दहादा तपासला असता.

बार्टननी लूसीचा माग काढला. मर्सर काउंटीच्या कोर्टात नोव्हेंबर 1789 मध्ये लूसी हँक्सवर ज्यूरीने व्यभिचाराचा आरोप ठेवल्याची नोंद निघाली. पाच-सहा महिन्यांत, 26 एप्रिल 1790 ला, हेन्री स्पॅरोने तिच्याशी लग्नासाठी जामीनकतबा केला, आणि आपण सज्ञान आहोत असं लूसीने स्वतः लिहून सही केलेली चिठ्ठीही दप्तरात आहे. हा आरोप नॅन्सीच्या जन्माबद्दल नाही. नॅन्सी तेव्हा पाच वर्षांच्या आसपासची होती. हे नीट लक्षात ठेवायला हवं, नाहीतर आपणही हिचकॉकबाईंच्याच वाटेने जाऊ. या कागदांवरून एवढं समजतं की लूसी त्या वेळी नवऱ्याविना राहत होती आणि लोक तिच्याकडे बोट दाखवत होते. हर्नडनची हकीकत आणि कोर्टाची वही एकमेकींना ठाऊक नव्हत्या, तरी दोघी एकाच दिशेला बोट दाखवतात. त्यात सांगणाऱ्याचा काही फायदाही नव्हता. आईबद्दल असं बोलून लिंकनना काय मिळणार होतं? ज्या गोष्टीने घराण्याची मान खाली जाते ती घरातल्याच माणसाने सांगितली, तर तिला थोडं जास्त वजन द्यायचं असतं.

तरीही एक पळवाट होती. जोसेफच्या मृत्युपत्रात लूसीचं नाव नाही. म्हणून काहींनी मांडलं की ती हँक्सांची मुलगी नसून सून, शिप्ली घराण्यातून आलेली विधवा. तसं असेल तर नॅन्सी औरस ठरते, आणि सही ‘लूसी हँक्स’ अशीच राहते. मृत्युपत्रात नाव नसणं म्हणजे रुसलेल्या बापाने वगळलं, की ती मुलगीच नव्हती? कागद यावर गप्प होता आणि वाद शंभरेक वर्षं चालला.

तो मिटला 2015 मध्ये, जनुकीय चाचणीने. आईकडून मुलांना मिळणारा मायटोकाँड्रियल डीएनए पुढे फक्त मुलींमार्फत जातो. आई, मुलगी, नात अशी साखळी न तुटता आली तर तो शेकडो वर्षं जवळपास तसाच राहतो. लिंकनच्या आईची ही साखळी तुटली आहे, कारण तिची एकुलती मुलगी सेरा 1828 मध्ये बाळंतपणात गेली आणि बाळही वाचलं नाही. म्हणून संशोधकांनी लूसीच्या पुढच्या मुलींच्या वंशातल्या व्यक्ती घेतल्या आणि जोसेफ हँक्सच्या बायकोच्या, ॲन ली हँक्सच्या, इतर मुलींच्या वंशातल्या व्यक्तींशी पडताळल्या. दोन्हीकडे एकच अत्यंत दुर्मीळ प्रकार आला. शिप्ली घराण्याच्या बायकांशी तो जुळला नाही. लूसी ही हँक्सांचीच मुलगी, सून नव्हे.

चाचणी कशाचं उत्तर देते आणि कशाचं नाही, हे सांगितल्याशिवाय तिचं नाव घेऊ नये. लूसी कोणाची, एवढंच तिने सांगितलं. नॅन्सी ही लूसीची मुलगी हे ठरतं ते कुटुंबातल्या जबान्या आणि दप्तरं एकत्र ठेवून. नॅन्सीचा बाप कोण, यावर ही चाचणी एक अक्षर बोलू शकत नाही. आणि लिंकनच्या बापाबद्दल तर ती मुळात नाहीच. त्यासाठी बापाकडून मुलाला मिळणारं वाय गुणसूत्र लागेल, आणि लिंकनची पुरुष शाखा पुढे चालण्याची आशा 1890 मध्ये, नातू जॅक सोळाव्या वर्षी वारला तेव्हा, संपली. शेवटचा निर्विवाद वंशज 1985 मध्ये गेला, पण तो मुलीच्या बाजूचा. हत्येच्या रात्रीचे लिंकनच्या कवटीचे तुकडे आणि केस सरकारी वैद्यकीय संग्रहालयात आहेत. त्यांच्यावर दुसऱ्याच एका आजारासाठी चाचणी करावी का, यावर 1991 मध्ये तज्ज्ञांची समिती बसली होती. चाचणी अजून झालेली नाही. म्हणून कोणी तुम्हाला ‘डीएनएने एन्लो सिद्ध झाला’ असं सांगितलं, तर कोणाचा नमुना कोणाशी ताडला, एवढंच विचारा.

नॉर्थ कॅरोलायनातल्या बॉस्टिक गावी आजही एन्लो-परंपरा जपणारं एक छोटं केंद्र आहे. परंपरा जपायला हरकत नाही. निकाल मात्र असा आहे: एब्राहम लिंकनचे वडील थॉमस लिंकन, याला 1806 चा कतबा, धर्मोपदेशकाची यादी, बहिणीचं वय आणि जन्मतारीख या चारही बाजूंनी आधार आहे, आणि एन्लोला लग्नाआधीच्या जन्मतारखेचा एकही कागद नाही. त्यांची आई नॅन्सी बहुधा लूसी हँक्सची लग्नाआधीची मुलगी. तिच्या बापाचं नाव आजवर कोणत्याही समकालीन दस्तऐवजात मिळालेलं नाही.